डाळं चालेल

माझ्या मुलीला शेंगदाणा आणि तीळ चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही किंवा पोट बिघडतं असं नव्हे. एखाद्या दाण्याचा चुरा पोटात गेला तरी तिचा घसा आतून सुजतो आणि श्वास अडतो. हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय की सांगताना माझा आवाज आपोआप सपाट होतो.

आमच्याकडं माहेरी-सासरी दोन्हीकडे शेंगांशिवाय स्वयंपाक होत नाही. सासूबाई, म्हणजे घरात सगळ्यांच्या अव्वा, गडहिंग्लजच्या बाजूच्या. भाजीत कूट, आमटीला कूट, ताटात शेंगांची चटणी, उपवासाला परत दाणेच. मुलगी दीड वर्षाची होती तेव्हा अव्वांनी भाकरीच्या तुकड्याला बोटभर चटणी लावून तिच्या तोंडात घातली. बघता बघता तिचे ओठ फुगले, डोळे मिटले गेले, अंगभर गांधी उठल्या. मुलांच्या डॉक्टरांनी पुढं रक्ताची आणि कातडीवरची तपासणी केली, तेव्हा शेंगदाण्याबरोबर तीळही निघाला. अव्वा महिनाभर म्हणत राहिल्या, ‘‘शेंगा खाऊन कोण आजारी पडतंय व्हय? आमची सात पोरं शेंगांवर वाढली की.’’ मग तिळाच्या एका वडीने पुन्हा तेच झालं. त्या दिवसानंतर त्यांनी एक शब्द काढला नाही. डब्यातलं कूट बाहेर गेलं, कांदा-लसूण मसाला घरी तिळाशिवाय होऊ लागला आणि अव्वा स्वतःची चटणी शेजारणीच्या ओट्यावर बसून खाऊ लागल्या.

घर आपल्या ताब्यात असतं. शाळा नसते.

बालवाडी कशीबशी निभावली, कारण ती दोन-अडीच तासांची होती आणि मी बाहेर बाकावर बसून असायचे. पहिलीला मंगळवार पेठेतल्या घरापासून चालत जाता येईल अशा एका सेमी-इंग्रजी शाळेत नाव घातलं. मला तेव्हा पतसंस्थेत नोकरी लागली होती. बाकावर बसणं बंद होणार होतं, म्हणून मी पत्र लिहायला घेतलं.

ते पत्र मी दोन रविवार लिहीत होते. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडायचंच होतं, पण त्यातली भाषा कुणाला कळणार? मला शाळेतल्या प्रत्येकाला कळेल असं हवं होतं. आधी लिहिलं, तिला काय होतं ते. मग काय चालत नाही: चिक्की, भडंग, चिवडा, चकली, सुक्या चटण्या, साबुदाण्याची खिचडी, वरून तीळ लावलेले पाव आणि बिस्किटं, बाहेरचा कांदा-लसूण मसाला घातलेलं काहीही. मग काय चालतं: घरून दिलेला डबा, सोलून खायची फळं, घरी धुतलेली काकडी-गाजर, आणि एकाच कंपनीची साधी ग्लुकोजची बिस्किटं, तीही पुड्यावरची बारीक अक्षरं प्रत्येक वेळी वाचून, कारण कंपन्या न सांगता माल बदलतात. चुरमुऱ्यांपाशी मी बराच वेळ अडखळले. शेवटी लिहिलं:

‘चुरमुरे, फुटाणे, डाळं यांच्यात मुळात दोष नाही, परंतु भट्टीवर ते ज्या कढईत आणि ज्या वाळूत भाजतात त्यातच शेंगदाणेही भाजतात. दुकानात एकाच मापाने सगळं मोजतात. म्हणून हे पदार्थ फक्त आम्ही घरून दिलेले असतील तरच द्यावेत.’

शेवटी, झालंच काही तर काय करायचं ते. ती म्हणेल की तोंडात मुंग्या येतायत, घशात काहीतरी अडकलंय. खोकेल, ओकेल, अंगावर गांधी येतील किंवा येणारही नाहीत. वाट बघू नये. पेनसारखं एक इंजेक्शन आहे, ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला कपड्यावरूनच दाबून धरायचं. मग तिला आडवं ठेवायचं, श्वास लागत असेल तर टेकवून बसवायचं, पण उभं करायचं नाही, चालवायचं नाही. लगेच दवाखाना. मग आम्हाला फोन. फोन शेवटी, असं मी मुद्दाम लिहिलं.

ते पेन आपल्याकडं औषधाच्या दुकानात मिळत नाही. डॉक्टरांनी ओळखीतून बाहेरून मागवून दिलं होतं. मुदत संपल्यावर एकदा दाबून पाहिलेलं एक जुनंही माझ्याकडं होतं, दाखवायला.

मुख्याध्यापिका बाईंनी पत्र उलटंपालटं करून पाहिलं. ‘‘एवढं मोठं?’’

‘‘यातलं काहीच कमी करता येत नाही मॅडम.’’

‘‘तुमची काळजी समजते. पण आमच्या शिक्षकांनी मुलांना सुई टोचायची नाही, हा संस्थेचा नियम आहे. उद्या काही झालं तर पालकच आमच्यावर उलटतात. तुमचं पेन ऑफिसच्या कपाटात ठेवू. काही वाटलं तर तुम्हाला फोन करू, तुम्ही येऊन द्या.’’

‘‘मी येईपर्यंत वेळ नसतो.’’

‘‘मग हमीपत्र द्या, की जबाबदारी तुमची.’’

मी भांडले नाही. दोन शाळांनी आधीच ‘जागा भरल्यात’ म्हणून परत पाठवलं होतं. मी हमीपत्र लिहून दिलं.

वर्गशिक्षिका त्या वेळी खोलीत उभ्या होत्या. पंचविशीच्या, उचगावहून स्कूटीवर येणाऱ्या, तात्पुरत्या नेमणुकीवरच्या. मी फाटकाबाहेर पडले तेव्हा त्या मागून जवळजवळ पळत आल्या.

‘‘ताई, मला दाखवा की ते कसं द्यायचं. नियम असू दे.’’

रसवंतीच्या बाकड्यावर बसून मी त्यांना जुनं पेन दाखवलं. टोपण इकडून काढायचं, हे टोक मांडीवर, कट्‌ आवाज आला की काही सेकंद तसंच दाबून धरायचं. त्यांनी पिशवीतली मोसंबी काढून तिच्यावर करून बघितलं. सुई जुन्यातून आधीच बाहेर आलेली, त्यामुळं नुसतंच दाबून बघणं. तरी त्यांनी तीनदा केलं. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की शाळेत आपलं कुणीतरी आहे.

आणि खरंच होतं. जूनपासून काही झालं नाही. मुलीचा डबा वर्गाच्या बाई पहिल्या बाकावर, स्वतःच्या टेबलाजवळ उघडायला लावायच्या. मुलांना जेवणानंतर हात धुवायला पाठवायच्या. वाढदिवसाच्या चॉकलेटांऐवजी पेन्सिली वाटा, असं त्यांनी पालकांना सांगितलं. काहींनी तोंडं वाकडी केली. ‘‘एका पोरीसाठी चाळीस पोरांनी काय म्हणून?’’ असं एक बाई माझ्यासमोरच बोलल्या. मुलीला एकच मैत्रीण झाली, शेजारच्या बाकावरची. तिची आई आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायची, आणि ती मात्र मला रस्त्यात थांबवून सगळं नीट विचारायची.

श्रावणात शाळेत गोपाळकाला ठरला. काल्याचं साहित्य वाटून घ्यायला चार-पाच आयांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप झाला. मी नोकरीवर, म्हणून मला त्यात घेतलं नव्हतं. मुलीचं माझ्या डोक्यात पक्कं होतं: ती नेहमीसारखा घरचा डबा खाईल, बाकीचे काला खातील. तिच्या डायरीत मी तसं लिहूनही दिलं.

पण बाईंना आणि त्या मैत्रिणीच्या आईला वाटलं होतं की एकदा तरी पोरीला सगळ्यांबरोबर खाता यावं. माझ्या नकळत, मला आनंद व्हावा म्हणून. बाईंनी माझं पत्र पुन्हा काढून वाचलं आणि ग्रुपवर एक ओळ टाकली. ती ओळ मला नंतर दाखवली गेली, म्हणून पाठ आहे: ‘काल्यात शेंगदाणे आणि तीळ अजिबात नको. काकडी, डाळिंब, दही, लाह्या, चुरमुरे, डाळं चालेल.’

माझी दोन पानं त्या एका ओळीत मावली होती. कढई गेली होती, वाळू गेली होती, माप गेलं होतं.

मैत्रिणीच्या आईने डाळं आणि चुरमुरे भट्टीवरून आणले, ताजे, कुरकुरीत, पोरांना चांगलं मिळावं म्हणून. घरी परातीत पसरून एकही दाणा आला नाही ना हे निवडून पाहिलं. दाणा नव्हताच. जे होतं ते डोळ्याला दिसण्यासारखं नव्हतं.

त्या सकाळी मी काउंटरवर ठेवीच्या पावत्या करत होते. फोनवर बाईंचं नाव दिसलं आणि मी पावती अर्धी टाकून तो उचलला. शाळेच्या वेळात त्यांनी कधी फोन केला नव्हता.

‘‘ताई, तिला खोकला लागलाय. तोंडात मुंग्या येतायत म्हणाली, आता ओकली. काला खाल्लाय.’’

‘‘पेन द्या.’’

‘‘कपाटाला कुलूप आहे. किल्ली क्लार्ककडं, ते बँकेत गेलेत. मॅडम म्हणतात तुम्हाला बोलावून घ्या—’’

‘‘कुलूप फोडा. आत्ता. पेन द्या.’’

मला पाठीमागून मुख्याध्यापिका बाईंचा आवाज ऐकू आला. ‘‘तुम्ही हात लावायचा नाही, पालक येतायत ना?’’ आणि त्याच्याही पाठीमागं माझ्या मुलीचा खोकला. तो खोकला नव्हता खरं तर. रिकाम्या भांड्यावर काहीतरी घासल्यासारखा आवाज होता. मग लाकडावर लोखंड आपटल्याचे आवाज. शाळेची घंटा वाजवायची लोखंडी हातोडी घेऊन शिपायाने कपाटाची कडी तोडली, हे मला नंतर कळलं. बाईंनी फोन खाली ठेवला असावा, कारण पुढचं सगळं लांबून ऐकू आलं. ‘‘सोन्या, इकडं बघ. हलू नको हां.’’ मग मुलगी किंचाळली. किंचाळली, म्हणजे श्वास होता.

मी पतसंस्थेतून कशी निघाले ते आठवत नाही. तोवर बाईंनी तिला एका पालकाच्या गाडीत मागच्या सीटवर मांडीवर टेकवून घेऊन दवाखान्यात पोचवलं होतं. मी गेले तेव्हा तोंडावर ऑक्सिजन, हाताला सलाईन, डोळे सुजून बंद. डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन दिलं होतं. म्हणाले, पहिलं वेळेवर गेलं म्हणून दुसऱ्याला काम करता आलं. एवढंच म्हणाले आणि पुन्हा तिच्याकडं वळले.

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. पदरावर ओकारी, उजव्या हाताची मूठ अजून घट्ट. मी ती उघडली तर आत वापरलेलं पेन. मी त्यांना मिठी मारली. तेव्हा मला ती ओळ माहीत नव्हती.

एकदा बरं वाटल्यावरही पुन्हा उलटू शकतं म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. संध्याकाळी मैत्रिणीची आई आली. वॉर्डच्या दाराशीच रडायला लागली. ‘‘मी निवडून घेतलंतं हो. एक एक करून निवडलंतं. बाईंनी लिहिलंतं, डाळं चालेल म्हणून.’’ तिनं फोन पुढं केला. मी ती ओळ वाचली.

माझ्या नवऱ्याचं मंगळवार पेठेत हार्डवेअरचं दुकान आहे, माणूस एरवी आवाज चढवत नाही. त्यानं तिला दारातच थांबवलं. ‘‘वैनी, तुम्ही घरी जावा. आता नको.’’ ती गेली. तिनं आणलेली नारळपाण्याची बाटली तिथंच बाकावर राहिली, आणि ती उघडायची आमची हिंमत झाली नाही.

पुढचा आठवडा मी रागात काढला. कुणावर, ते ठरत नव्हतं. जिनं माझ्या मुलीला वाचवलं तिनंच ती ओळ लिहिली होती. बाईंचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. नवरा म्हणाला, ‘‘अगं, कुणी मुद्दाम केलंय का?’’ मला ते कळत होतं. कळून राग जात नाही.

मग शाळेतून बोलावणं आलं. मुख्याध्यापिका बाई आणि संस्थेचे एक पदाधिकारी बसले होते. मला वाटलं, दिलगिरी असेल.

पदाधिकारी म्हणाले, ‘‘बसा. तुमची मुलगी बरी आहे हे ऐकून बरं वाटलं. संबंधित शिक्षिकेवर आम्ही कारवाई केली आहे.’’

‘‘कसली?’’

‘‘नियम मोडून इंजेक्शन दिलं. शाळेचं कपाट फोडायला लावलं. आणि मूळ चुकीचा मेसेज त्यांचाच होता. त्यांची नेमणूक आम्ही संपवलीय.’’

‘‘इंजेक्शन दिलं नसतं तर मी आज तुमच्यासमोर वेगळ्या कामासाठी बसले असते.’’

‘‘तुमच्या भावना समजतो. पण उद्या दुसऱ्या कुणी चुकीचं इंजेक्शन दिलं तर?’’

मी म्हटलं, मी लिहून देते. आणि दिलं. त्याच ऑफिसात, त्यांच्याच कागदावर. बाईंनी जे केलं ते माझ्या पत्रात सांगितल्याप्रमाणे केलं, त्यामुळं मुलगी जिवंत आहे, किल्ली जाग्यावर असती तर कपाट फोडावं लागलं नसतं. ते वाचून पदाधिकाऱ्यांनी कागद फाइलला लावला आणि दुसरा विषय काढला. तुमच्या मुलीची जबाबदारी शाळेला झेपणारी नाही, दिवाळीनंतर तुम्ही दुसरीकडं बघावं. दाखला लगेच मिळेल, फीचं काही अडवणार नाही. फार नम्रपणे बोलत होते.

परत येताना शिपाई फाटकाशी उभा होता, त्यानं मान दुसरीकडं फिरवली. कडी त्यानंच तोडली होती. त्याच्यावरही कारवाई चालू असेल.

त्यानंतर मी उचगावला बाईंच्या घरी गेले. दार त्यांच्या सासूनं उघडलं. मी कोण हे सांगितल्यावर त्या बाजूला झाल्या नाहीत. उंबऱ्यातच म्हणाल्या, ‘‘तुमच्या पोरीपायी हिची नोकरी गेली. आता काय घ्यायला आलाय पावणं?’’

‘‘आत्या, येऊ दे त्यांना,’’ आतून बाई म्हणाल्या.

त्या खाटेवर बसल्या होत्या, शेजारी शिकवणीची चार पोरं पाटीवर काहीतरी लिहीत होती. पोरांना त्यांनी अंगणात पाठवलं. मी सांगितलं की मी लिहून दिलंय, पाहिजे तर वकिलाकडं जाऊ, मी साक्षीला येईन.

‘‘नको ताई. ती ओळ मीच लिहिली हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमचं पत्र समोर होतं. त्या कढईचं मी वाचलंवतं. पण एवढं लांब ग्रुपवर कोण वाचतंय म्हणून काढलं. आधीच बायका कुरकुरत होत्या. म्हटलं, थोडक्यात लिहू, मनावर घेतील.’’

इथं मी ‘तुमची चूक नाही’ असं म्हणायला हवं होतं. तेच ऐकायला त्या थांबल्या होत्या. शब्द माझ्या तोंडापर्यंत आले आणि तो खोकला पुन्हा कानात वाजला. मी म्हटलं, ‘‘तुम्ही तिला वाचवलंत.’’ ते खरंच होतं. पण त्यांना हवं होतं ते नव्हतं. त्यांनी मान हलवली.

निघताना मी विचारलं, दुसऱ्या शाळेत अर्ज केलाय का. त्या म्हणाल्या, ‘‘करीन. पण असं पत्र आलेलं पोर माझ्या वर्गात नको म्हणून सांगणार. मला परत नाही जमायचं.’’

त्यांचा राग नव्हता त्यात.

दिवाळीनंतर मुलगी दुसऱ्या शाळेत गेली. लांब आहे, रिक्षा लावावी लागली. तिथले मुख्याध्यापक वयस्कर आहेत. त्यांनी पेन कुलपात ठेवायचं नाही असं आपणहून ठरवलं आणि दोन शिक्षकांना डॉक्टरांकडून शिकवून घेतलं. पत्रातली कढईची ओळ त्यांनी लाल पेनने अधोरेखित केली. चांगली शाळा आहे. आधी मिळाली असती तर, असा विचार मी करत नाही.

मैत्रिणीच्या आईशी आता रस्त्यात दिसल्यावर मान हलवण्याइतकं आहे. एकदा ती मैत्रीण आमच्या दारात आली होती, खेळायला. मुलगी आतून बाहेर आली नाही. मला वाटलं रुसलीय. खोलीत गेले तर कपाटाला पाठ लावून बसली होती. हळूच म्हणाली, ‘‘आई, तिनं हात धुतलेत का विचार.’’ मी बाहेर येऊन विचारेपर्यंत ती पोर निघून गेली होती.

घरातही आता तिच्या ताटाला मी आधी तोंड लावल्याशिवाय ती घास घेत नाही. मी खाल्ल्यानं तिला काही कळणार नाही, मला काही होत नाही, हे तिला समजतं. तरी बघत बसते, माझ्या ओठांकडं. अव्वा तिला भरवायला गेल्या तर तोंड घट्ट मिटते. अव्वा ताट खाली ठेवतात आणि उठतात. वजन कमी झालंय. डॉक्टर म्हणतात, होईल हळूहळू, घाई करू नका, आणि मुलांच्या मनाच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलंय. दर शनिवारी जातो.

परवा नव्या शाळेत पालकसभा होती. वर्गशिक्षिका प्रगतीपुस्तक दाखवत होत्या. गणित चांगलं, अक्षर चांगलं. मग हसून म्हणाल्या, ‘‘फार शहाणी मुलगी आहे हो तुमची. मधल्या सुट्टीत कोपऱ्यात बसून गुपचूप डबा खाते. कुणाकडं काही मागत नाही, कुणाला काही देत नाही. काही त्रासच नाही तिचा.’’

मी ‘हो’ म्हटलं आणि सही केली.